आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी शिल्लक: पॉलिसी थांबते तिथून पुढचा हिशेब

वडील 76 वर्षांचे असताना पहाटे बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांची 5 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी होती, हप्ता कधी चुकला नव्हता, कॅशलेसची सोय असलेलं रुग्णालय जवळच होतं. तरीही पुढच्या साडेतीन महिन्यांत आमच्या खिशातून अडीच लाखांहून जास्त गेले. यात कोणी फसवलं असं नाही. पॉलिसीत जे लिहिलं होतं तेच घडलं, फक्त आम्ही ते वाचलं नव्हतं. त्यानंतर आम्ही भावंडांनी आईवडिलांच्या आजारपणासाठी वेगळी शिल्लक उभी केली. ती किती असावी, कुठे ठेवावी आणि कोणाच्या सहीने निघावी, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने सांगतो.

पायरी 1: पॉलिसीचा कागद उघडा आणि चार गोष्टी शोधा

एजंटने पाठवलेलं एक पानी पत्रक बाजूला ठेवा आणि पूर्ण पॉलिसी घ्या. त्यात सगळ्यात आधी खोलीभाड्याची मर्यादा बघा. जुन्या आणि ज्येष्ठांच्या पॉलिसींत ती बहुधा विमा रकमेच्या 1 टक्का असते, म्हणजे 5 लाखांवर दिवसाला 5,000. दुसरी गोष्ट को-पे, म्हणजे मंजूर बिलातला किती टक्के भाग आपण भरायचा. ज्येष्ठांच्या पॉलिसींत 20 टक्के सर्रास दिसतो. तिसरी, मोतीबिंदू किंवा गुडघेबदलासारख्या ठरावीक उपचारांवर घातलेली वेगळी कमाल रक्कम. आणि चौथी, आधीपासून असलेल्या आजारांचा प्रतीक्षा काळ. विमा नियामकाने 2024 मध्ये तो जास्तीत जास्त 36 महिन्यांवर आणला आहे, पण नवी पॉलिसी घेतलेल्यांना तेवढ्या काळापर्यंत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराशी जोडलेला खर्च स्वतः करावा लागू शकतो.

खोलीभाड्याची ओळ लहान दिसते, पण सगळ्यात जास्त कापते तीच. लोकांना वाटतं, खोली 8,000 ची घेतली आणि मर्यादा 5,000 असली, तर रोजचे 3,000 आपले. तेवढ्यावर ते थांबत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, नर्सिंग असे खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढणारे खर्चही कंपनी त्याच प्रमाणात कापते. 8 ला 5, म्हणजे त्या सगळ्यातला आठातला तीन भाग आपल्यावर.

वडिलांचं बिल गोळाबेरीज आकड्यांत मांडतो, म्हणजे हे नीट दिसेल. सहा दिवस, एकूण 3,60,000. त्यात खोलीचे 48,000, सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर आणि नर्सिंग मिळून 1,44,000, हाडात बसवलेल्या इम्प्लांटचे 70,000, औषधं 60,000, तपासण्या 20,000. उरलेले 18,000 हातमोजे, डायपर, फाइलचे पैसे अशा वस्तूंचे, जे आमच्या पॉलिसीत बसतच नव्हते.

आता कात्री लागते ती अशी. 18,000 सरळ बाहेर. खोलीच्या 48,000 पैकी 30,000 मान्य, 18,000 आपले. सर्जन-थिएटरच्या 1,44,000 पैकी आठातले पाच भाग, म्हणजे 90,000 मान्य आणि 54,000 आपले. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही, म्हणून ते 1,50,000 पूर्ण मान्य. एकूण मान्य झाले 2,70,000. त्यावर 20 टक्के को-पे, म्हणजे आणखी 54,000 आपले. कंपनीने दिले 2,16,000 आणि आम्ही भरले 1,44,000.

खोली 5,000 ची घेतली असती तर यातले खोलीचे 18,000 वाचलेच असते, आणि सर्जन-थिएटरची कपातही झाली नसती. त्या पहाटे दाखल करताना काउंटरवर विचारलं, "सेमी-प्रायव्हेट की प्रायव्हेट?" आणि मी विचार न करता प्रायव्हेट म्हणालो. म्हणून आता खोलीभाड्याची मर्यादा एका चिठ्ठीवर लिहून ती पॉलिसीच्या कार्डाला चिकटवलेली आहे. तुम्हीही आजच चिकटवा.

पायरी 2: घरी आल्यानंतरचा खर्च वेगळा मांडा

डिस्चार्ज झाला की घरच्यांना वाटतं, संपलं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत खर्चाचा दुसरा डाव तिथून सुरू होतो आणि त्यात विमा जवळजवळ नसतो.

आम्हाला दिवसपाळीसाठी एक मावशी ठेवाव्या लागल्या, रोजचे 800 प्रमाणे 90 दिवस, म्हणजे 72,000. फिजिओथेरपिस्ट घरी यायचे, 500 ची एक भेट, चाळीस भेटी, 20,000. वॉकर, कमोड खुर्ची आणि वरखाली होणाऱ्या पलंगाचं भाडं मिळून 15,000. तपासणीला नेण्या-आणण्याच्या गाडीचे आणि डॉक्टरांच्या फीचे 8,000. बेरीज 1,15,000. रात्रीची पाळी मी आणि बहिणीने वाटून घेतली. तीही पगारी ठेवली असती, तर फक्त त्याच ओळीचा आकडा दुप्पट झाला असता. तुमच्याकडचे दर वेगळे असतील. आजारपण नसतानाच अशा मावशी पुरवणाऱ्या एखाद्या ब्यूरोला फोन करून बारा तासांच्या आणि चोवीस तासांच्या पाळीचा दर विचारून ठेवा. या हिशेबात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडतो.

पक्षाघात, स्मृतिभ्रंश किंवा कंपवात असेल तर ही सोबत तीन महिन्यांत संपत नाही, वर्षानुवर्षं लागते. तो खर्च एकरकमी शिल्लकीतून भागवता येत नाही. त्याची तरतूद दरमहाच्या उत्पन्नातून, भावंडांत वाटणी ठरवूनच करावी लागते. शिल्लक फक्त पहिले तीन-चार महिने तोलून धरते, म्हणजे पुढची व्यवस्था लावायला उसंत मिळते.

पायरी 3: रोजची औषधं या शिल्लकीत घालू नका

आईची मधुमेहाची गोळी, वडिलांची रक्तदाबाची, दर तीन महिन्यांनी होणारी रक्ततपासणी, चष्मा, दाताची कवळी, श्रवणयंत्र. हे खर्च बहुतेक पॉलिसींच्या बाहेर असतात, म्हणून लोक तेही याच पैशांतून करू लागतात. आम्हीही सुरुवातीला तेच केलं आणि आठ महिन्यांत शिल्लक निम्म्यावर आली. मोठं आजारपण एकही नव्हतं.

नेमाने येणारा खर्च हा घरखर्च आहे. गेल्या बारा महिन्यांच्या औषधांच्या पावत्या एका पिशवीत जमवा, बेरीज करा, बाराने भागा आणि तो आकडा महिन्याच्या खर्चात धरा. आमचा महिन्याला 4,200 निघाला. हा आकडा कमी करायचा असेल, तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून जेनेरिक औषधं घेता येतात. चष्मा किंवा श्रवणयंत्रासारख्या कधीतरी येणाऱ्या गोष्टींसाठी वर्षाचा अंदाज घेऊन तोही बाराने भागून टाका.

पायरी 4: आकडा ठरवा

आता बेरीज सोपी आहे. एका मोठ्या दाखल होण्यात आपल्यावर येणारी रक्कम, त्यानंतर तीन महिन्यांची घरची शुश्रूषा, आणि सुरुवातीला मागितलं जाणारं डिपॉझिट. डिपॉझिट नंतर बिलात वळतं होतं किंवा परत मिळतं, पण त्या क्षणी ते हातात असावं लागतं. कंपनीने कॅशलेसची प्राथमिक मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा नियम 2024 पासून आहे. तरी कागद पुढे सरकेपर्यंत काउंटरवरचा माणूस पैसे मागतोच. आमच्याकडे 50,000 मागितले होते.

आमचा हिशेब 1,44,000, अधिक 1,15,000, अधिक 50,000, म्हणजे साधारण 3 लाख. दोघं हयात असतील तर सरळ दुप्पट करायची गरज नाही. दोघांवर एकाच तिमाहीत मोठं संकट येण्याची शक्यता कमी असते. जास्त खर्चाची शक्यता असलेल्याचा आकडा पूर्ण धरा आणि दुसऱ्याच्या आकड्याचा निम्मा वर घाला. आमचं लक्ष्य त्यामुळे साडेचार लाख झालं. पॉलिसीत को-पे नसेल आणि खोलीभाड्याची अटही नसेल, तर यापेक्षा बऱ्याच कमी रकमेत भागेल. म्हणूनच दुसऱ्याचा आकडा उचलू नका, आपल्या पॉलिसीवरून काढा.

ज्यांच्या आईवडिलांकडे विमाच नाही, त्यांनी आधी एक काम करावं. 70 वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. आधार कार्डावरून आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. खासगी विमा असणाऱ्यांनाही ते घेता येतं. मात्र ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आणि दाखल होण्यासाठीच चालतं. जवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत आणि त्यांत हाडांचे, हृदयाचे उपचार योजनेतून होतात का, हे आधीच विचारून ठेवा. घरची शुश्रूषा त्यातून होत नाही, त्यामुळे पायरी 2 चा आकडा तसाच उभा राहतो.

पायरी 5: पैसे तीन ठिकाणी ठेवा

इथे व्याज दुय्यम आहे. रविवारी रात्री दोन वाजता पैसे निघतात का, हा पहिला प्रश्न.

पहिला लाखभर रुपयांचा भाग साध्या बचत खात्यात असू द्या. या खात्याचं डेबिट कार्ड आणि यूपीआय चालू ठेवा आणि त्यांची दैनंदिन मर्यादा तपासा. रुग्णालयांना यूपीआयने एका व्यवहारात 5 लाखांपर्यंत देता येतात, पण तुमच्या बँकेने किंवा तुम्ही स्वतः ॲपमध्ये त्याहून खालची मर्यादा घातलेली असू शकते. रोख बाळगायची तर 10-15 हजार पुरेत, रिक्षा, रुग्णवाहिका आणि रात्रीच्या औषधांपुरती. मोठं बिल रोखीत भरायच्या भानगडीत पडू नका. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याने बंदी आहे, त्यामुळे रुग्णालय ती घेणारच नाही.

दुसरा भाग लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडात, किंवा बचत खात्याला जोडलेल्या स्वीप ठेवीत, जिथे खात्यातली जादा रक्कम आपोआप ठेवीत जाते आणि लागली की परत खात्यात येते. लिक्विड फंडातून तत्काळ काढण्याची सोय दिवसाला 50,000 किंवा शिलकीच्या 90 टक्के, यांतली जी कमी असेल तेवढीच आहे, आणि तीही सगळ्या योजनांत नसते. बाकीचे पैसे कामकाजाच्या पुढच्या दिवशी येतात. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की हे अंतर चांगलंच जाणवतं. म्हणून पहिला भाग कधी शून्यावर आणायचा नाही.

तिसरा भाग बँकेच्या मुदत ठेवीत, पण अडीच लाखांची एक ठेव करण्यापेक्षा 50,000 च्या पाच करा. गरज 40,000 ची असताना एकच पावती मोडावी लागेल, बाकीच्यांचं व्याज शाबूत राहील. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत व्याज चांगलं मिळतं, पण खातं पाच वर्षांचं आणि मुदतीआधी बंद केल्यास मुद्दलातून कपात. वडिलांच्या नियमित उत्पन्नासाठी ती उत्तम, या कामासाठी नाही. शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांतही हे पैसे नकोत. बाजार पडलेला असताना विकायला लागणं या पैशांना परवडत नाही.

पायरी 6: सही कोणाची, हे बँकेत जाऊन बघा

सगळं गणित बरोबर असूनही बहुतेक घरं इथेच अडकतात. आमच्या वडिलांची दोन लाखांची ठेव होती, त्यांच्या एकट्याच्या नावावर. मी नॉमिनी होतो. मी बँकेत पावती घेऊन गेलो, तेव्हा समोरच्या बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही नॉमिनी आहात, पण वडील आहेत ना अजून." नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यानंतर लागतो. माणूस हयात आहे आणि सही करायच्या स्थितीत नाही, नेमक्या त्याच वेळी त्या नावाचा काही उपयोग होत नाही.

म्हणून खातं संयुक्त हवं, आणि खातं चालवण्याची पद्धत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही. फॉर्मवर 'जॉइंटली'ला टिक असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दुसऱ्याला पहिला गेल्यावरच अधिकार मिळतो. नावं दोन असली म्हणजे झालं, असं समजू नका. पासबुकावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये पद्धत लिहिलेली असते, ती वाचा.

मुदत ठेवीत आणखी एक मेख आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असली तरी मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघांच्याही सह्या मागतात. ठेव उघडतानाच, मुदतीआधी कोणा एकाच्या सहीने मोडता यावी, अशी लेखी सूचना देता येते का ते विचारा. होत नसेल तर तिसरा भाग मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावावर ठेवा. आम्ही बचत खातं आई आणि मी असं ठेवलं, तीन ठेवी माझ्या नावावर, दोन बहिणीच्या. मी परगावी असलो तरी ती तिच्या ठेवी मोडू शकते.

पायरी 7: भरणा आणि भावंडांची वही

पहिले 50,000 जिथून मिळतील तिथून लगेच ठेवा, कारण डिपॉझिटचा प्रश्न तेवढ्याने सुटतो. नंतर दरमहा. मी 6,000 आणि बहीण 4,000 टाकते. बोनस मिळाला की त्यातला ठरलेला भाग. या गतीने पहिले 3 लाख पुरे व्हायला आम्हाला दोन वर्षांहून थोडा जास्त वेळ लागला. वाटणी समान नाही, उत्पन्नाच्या प्रमाणात आहे, आणि ती एकदा समोरासमोर बसून ठरवली. बहिणीचे यजमानही त्या वेळी होते. ते बरं झालं, नंतर कोणाच्या घरी कुजबुज झाली नाही.

वही एकाच भावंडाच्या हातात. कोणी किती टाकले, कशासाठी काढले, पावतीचा फोटो कौटुंबिक ग्रुपवर. कष्ट जास्त आणि पैसे कमी देणारं भावंड असतं, तसं उलटही असतं. रात्रीची पाळी बहिणीने माझ्याहून जास्त केली. ते आम्ही वहीत लिहून ठेवलं आहे, रुपयांत न मांडता.

पायरी 8: खर्चल्यानंतर पैसे परत आणा

बहुतेक पॉलिसी दाखल होण्याआधीचा साधारण 30 ते 60 दिवसांचा आणि डिस्चार्जनंतरचा 60 ते 90 दिवसांचा त्या आजाराशी संबंधित खर्च देतात. तपासण्या, औषधं, डॉक्टरांच्या भेटी, आणि डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर काही पॉलिसींत फिजिओथेरपीसुद्धा. कॅशलेस झालं की लोक फाइल बंद करतात आणि हे पैसे सोडून देतात. आमची फिजिओची बिलं साध्या कागदावर होती, नोंदणी क्रमांक नाही, शिक्का नाही, त्यामुळे क्लेम नाकारला गेला. डिस्चार्जच्या कागदावर फिजिओथेरपीचा सल्ला लिहून घ्या, पावत्या पहिल्या दिवसापासून शिक्क्याच्या घ्या, मूळ प्रती जपून ठेवा आणि क्लेमची शेवटची तारीख कॅलेंडरवर मांडा. आलेला प्रत्येक रुपया त्याच खात्यात जाऊ द्या.

विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारावर केलेल्या खर्चासाठी जुन्या करप्रणालीत वर्षाला 50,000 पर्यंत वजावट मिळते, पण रोखीने दिलेले पैसे त्यात धरले जात नाहीत. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

दर वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण होतं त्याच आठवड्यात आकडा पुन्हा तपासा. को-पे बदलला का, खोलीभाडं वाढलं का, मावशींचा दर काय झाला, यूपीआयची मर्यादा तीच आहे का.

आणि आईवडिलांना सांगा

ही शिल्लक आहे हे त्यांना माहीत असायला हवं. आमच्या आईला छातीत जळजळ व्हायची आणि तिने ती चार महिने सांगितली नाही. कारण तिला वाटत होतं, वडिलांच्या पायात आमचे सगळे पैसे गेले. मी पासबुक तिच्या हातात दिलं, तिचं नाव पहिलं आहे ते दाखवलं. तिने चष्मा लावून शिल्लक दोनदा वाचली, पासबुक उशाशी ठेवलं आणि म्हणाली, "मग उद्या त्या डॉक्टरांचा नंबर लाव."